३० सेकंदांची जाहिरात, आणि ऐकणाऱ्याला मराठी येत नाही: स्क्रिप्ट बघून सांगा

ऋतुजा_वाकड
नमस्कार मंडळी. आम्ही चौघांनी मिळून मराठी शिकवणारं एक ॲप केलंय, शाळेतल्यासारखं व्याकरण नाही, पुण्यात बाहेरून राहायला आलेल्या माणसाला शेजारीपाजारी, वॉचमन, दूधवाला, वरच्या मजल्यावरच्या आजी यांच्याशी चार वाक्यं बोलता यावीत एवढ्यासाठी. वाकड, हिंजवडी, बाणेर, खराडी इकडच्या सोसायट्या डोक्यात आहेत. आता त्याची छोटी जाहिरात करायचीय, ३० सेकंदांची, एफएमवर वाजेल आणि तीच सोसायट्यांच्या लिफ्टमधल्या स्क्रीनवर लावू असा विचार आहे. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही, इथे प्रचार करायचा नाहीये, स्क्रिप्टवर मत हवंय. पहिला मसुदा हा:

"पुण्यात नवीन आहात? शेजाऱ्यांशी संवाद साधताना अडचण येते? आता चिंता सोडा! आमचं ॲप घेऊन आलंय मराठी शिकण्याची सर्वात सोपी पद्धत. हजारो शब्द, शेकडो धडे आणि फक्त ३० दिवसांत अस्खलित मराठी! आजच डाउनलोड करा आणि शेजाऱ्यांची मनं जिंका!"

मोकळेपणाने बोला.

एफएम_दादा
बरीच वर्षं रेडिओच्या जाहिराती लिहितोय म्हणून आधी मुद्द्याचं. ही जाहिरात ज्याला मराठी येतं त्यालाच कळणार, आणि ज्याला येतं त्याला ॲपची गरज नाही. "अडचण", "पद्धत", "अस्खलित", हे ऐकणारा माणूस गाडी चालवतोय, वाकडच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकलाय, त्याला यातलं फक्त "पुण्यात" आणि "डाउनलोड" कळेल. बाकी सगळा आवाज.

दुसरं म्हणजे यात कोणी बोलतच नाहीये. बोलायला शिकवणाऱ्या ॲपच्या जाहिरातीत एक तरी माणूस कुणाशी तरी बोलताना ऐकू आला पाहिजे ना. एक दार, दोन आवाज, एक खरं वाक्य, बस. एफएमवर वेळ १० सेकंदांच्या हिशोबाने विकतात, तेव्हा ३० म्हणजे तिप्पट पैसे, एकही शब्द फुकट घालवू नका. आणि शब्द किती बसतात म्हणाल तर एकटा निवेदक सरळ वाचत असेल तर ६५-७० शब्द, पण दोघांचा संवाद असेल, बेल वाजणार असेल, मधे श्वास घ्यायचा असेल तर ५०च्या वर जाऊ नका, नाहीतर शेवटी ॲपचं नाव घाईघाईत म्हणावं लागतं आणि तेच ऐकू येत नाही.

कट्टर_कोथरूडकर
मला मसुदा आवडला, फक्त मिळमिळीत वाटतो. सरळ म्हणा ना, महाराष्ट्रात राहायचंय तर मराठी यायलाच पाहिजे. त्यात लाजायचं काय.

ऋतुजा_वाकड
कोथरूडकर, मराठी यावं असं मलाही मनापासून वाटतं, म्हणून तर हे करतोय. पण जो माणूस स्वतःहून शिकायला तयार आहे त्यालाच दम दिल्यासारखं होईल, आणि तो आधीच जरा बिचकलेला असतो.

शार्लटवाली
खूप छान उपक्रम!! आमच्याकडे रविवारची मराठी शाळा असते, माझ्या मुलाला बाराखडी येते पण आजीशी फोनवर बोलताना गप्प बसतो, तुमच्या ॲपमध्ये मुलांसाठी गोष्टी, बडबडगीतं आहेत का? वय सात आणि दहा. इकडे डाउनलोड होईल का?

ऋतुजा_वाकड
शार्लटवाली, डाउनलोड होईल पण मुलांसाठी नाहीये हो ते, वाक्यं सगळी पाण्याची, पार्किंगची, पार्सलची आहेत. आजीशी बोलायला वेगळं काही लागेल.

जोशी_वकील
"३० दिवसांत अस्खलित मराठी" हे वाक्य काढाच. चवीचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आला, त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं आणि २०२२ मध्ये त्यांनी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. मोजता येईल असा दावा केला की तो सिद्ध करायची जबाबदारी तुमची. अस्खलित म्हणजे काय, कुणी तपासलं, किती जणांना ३० दिवसांत आलं, हे कागदावर आहे का तुमच्याकडे? नसेल तर तक्रार झाली की उत्तर नाही, आणि दंड पहिल्या वेळेला १० लाखांपर्यंत होऊ शकतो. जाहिरातवाल्यांचीच ॲस्की म्हणून संस्था आहे, तिचे नियमसुद्धा हेच सांगतात.

"मोफत" म्हणणार असाल तर तेही सांभाळून. आधी मोफत म्हणून कार्डाचा नंबर घ्यायचा आणि आठवड्याने पैसे कापायचे असं असेल तर त्याला मोफत म्हणता येत नाही. आणि तळटीप टाकणार असाल तर ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत टाकावी लागते, म्हणजे वर मराठीत मोठ्ठं "मोफत" आणि खाली इंग्रजीत बारीक अटी, हे चालणार नाही.

ऋतुजा_वाकड
काढलं. मोफतचं खरं आहे, पहिले २० धडे मोफत, कार्ड मागत नाही, पुढचे विकत. एवढंच म्हणू.

आलोक_लखनौवाला
नमस्कार. मी लखनौचा आहे, खराडीमध्ये राहतो, माझा मराठी थोडा चुकेल, समजून घ्या. मला जाहिरातबद्दल एक गोष्ट सांगायचा आहे. सगळे म्हणतात बाहेरचे लोक मराठी शिकत नाही. पण मी जेव्हा पण मराठी सुरू करतो समोरचा माणूस लगेच हिंदी सुरू करतो. मी म्हणतो "काका, नमस्कार, कसे आहात", काका म्हणतात "अरे आओ आओ, कैसे हो". ते प्रेमाने करतात, मला त्रास नको म्हणून. पण मग माझा दुसरा वाक्य कधी निघतच नाही. शब्द मला येतात, ॲप पण होता माझ्याकडे आधी एक, त्याच्यात फळांचे नाव, रंगांचे नाव सगळा पाठ केला. शेजाऱ्याबरोबर रंगांचे नाव कुठे बोलणार? तुमच्या जाहिरातमध्ये ही गोष्ट दाखवा, की समोरचा हिंदी बोलला तर काय बोलायचा. ते मला कोणी शिकवला नाही.

एफएम_दादा
ऋतुजा, जाहिरात मिळाली तुला. हीच आहे.

मंजिरी
आलोकजी तुमचं मराठी छान आहे आणि तुम्ही म्हणताय ते शंभर टक्के खरंय. आमच्या मजल्यावर इंदूरचं कुटुंब आलंय, ती बाई बिचारी मराठीत सुरुवात करते आणि आमचे हे फाडफाड हिंदीत उत्तर देतात. आता घरात सांगते.

ऋतुजा_वाकड
आलोक, मनापासून आभार. दादांचं आणि तुमचं ऐकून दुसरा मसुदा केला:

(बेल, दार उघडतं)
बाई: काकू, आज पाण्याला काय झालंय?
काकू: अगं टँकरच आला नाही ना, सकाळी मोटर पण बंद पडली होती, सेक्रेटरी म्हणाले दुपारपर्यंत बघू.
बाई: थँक्यू काकू! मी मराठी शिकतेय!
काकू: अरे वा! छान!
निवेदन: पुणे में नए हैं? पड़ोसियों से मराठी में बात कीजिए. पहले बीस पाठ मुफ़्त.

काकूंनी हिंदीत उत्तर द्यायचं आणि मग बाईने थांबवायचं, हे कुठे बसवू ते कळत नाहीये. आणि निवेदन हिंदीत केलंय, बाकी संवाद मराठी.

सुधा_टीचर
मी मोठ्या माणसांना मराठी शिकवते, बँकेतले, आयटीवाले, दवाखान्यातल्या नर्स, त्यामुळे जाहिरात मला कळत नाही पण यातली वाक्यं कळतात, त्याबद्दल बोलते.

"आज पाण्याला काय झालंय?" हा प्रश्न नवशिक्याला अजिबात देऊ नका. प्रश्न पाठ करून तो झकास विचारेल, पण उत्तरात काकू सगळी कहाणी सांगणार, टँकर, मोटर, सेक्रेटरी, आणि तो माणूस नुसता मान हलवत उभा राहणार. असं दोनदा झालं की तो परत मराठीत विचारतच नाही. प्रश्न असा द्यायचा की उत्तर एका शब्दात यावं आणि तो शब्द आधीच ओळखीचा असावा. "किती वाजता", "कुठल्या मजल्यावर", "काका आहेत का", याचं उत्तर म्हणजे आकडा, नाहीतर हो किंवा नाही. माझ्या वर्गात पहिला आठवडा फक्त असेच प्रश्न असतात.

दुसरी गोष्ट. "मी मराठी शिकतेय" हे बाईचं वाक्य झालं. रेडिओवर ऐकणारा पुरुष असेल तर तोही पोपटासारखा "शिकतेय" म्हणणार आणि शेजारी हसणार. हसणं प्रेमाचं असतं पण नवीन माणसाला ते लागतं. ३० सेकंदांत तुम्ही शिकतो आणि शिकते यातला फरक समजावू शकत नाही, तेव्हा असं वाक्य घ्या की जे बाई म्हणो, बुवा म्हणो, तसंच राहतं. "मला शिकायचंय." झालं. तसंच "पाणी येतं", "टँकर येतो", "लाइट येते" यात लिंग सांभाळावं लागतं, पण "पाणी येणार", "टँकर येणार", "लाइट येणार" सगळीकडे येणार ते येणारच. म्हणून "आज पाणी किती वाजता येणार?" हे वाक्य सोनं आहे बघा, पाणी काढा, टँकर घाला, पार्सल घाला, कामाच्या मावशी घाला, काही बदलावं लागत नाही.

आणि काकूंचं उत्तरही तसंच हवं, "सहाला येणार". "साडेसहाला" नको. उत्तरेकडच्यांना साडे, सव्वा, पावणे कळतात, हिंदीत आहेतच, पण तमिळ, तेलुगू, मल्याळम बोलणारी माझी मुलं त्याच्यावरच अडकतात. पावणेसात म्हटलं की हमखास सव्वासातला खाली येऊन उभी राहतात.

पराग७८
एवढं कशाला करायचं, हिंदीवाल्यांना मराठी शिकवायलाच लागत नाही, लिपी एक, बरेचसे शब्द तेच, नुसतं ऐकत राहिलं की महिन्याभरात येतं. माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांना असंच आलं.

सुधा_टीचर
लिपी एक आहे हा मोठाच फायदा आहे पराग, दुकानाची पाटी, बसची पाटी पहिल्या दिवशी वाचता येते. पण वाचलं म्हणजे बोललं असं नाही. "माझा" आणि "माझी" मधला झ लिहितो एकच, बोलतो वेगवेगळा, आणि ते लिहिलेल्यात कुठेच दिसत नाही, कानानेच शिकावं लागतं. ळ चं पण तेच, दिसतो पण जीभ वळत नाही.

आलोक_लखनौवाला
आणि शब्द तेच असले तरी अर्थ तेच नसतात परागजी. मला वॉचमन बोलला "पार्सल खाली आहे", मी समजलो बॉक्स रिकामा आहे, कंपनीत कम्प्लेंट पण केली. पार्सल पूर्ण दिवस गेटवर होता.

पराग७८
हे मान्य. माझे ऑफिसवाले सगळे दिवसभर मराठी माणसांत बसतात हेही आहे म्हणा, सोसायटीत दार बंद करून राहणाऱ्याचं तसं नाही.

बंगळूरकर
उलट बाजूने सांगतो. मी सांगलीचा, बंगळुरात नोकरी, इकडे मी नवा माणूस. पहिल्यांदा शिकलो ते "कन्नड गोत्तिल्ला", म्हणजे कन्नड येत नाही. हे म्हटलं की समोरचा हिंदी नाहीतर इंग्रजीवर येतो, विषय संपला. मग घरमालकीणबाईंनी सांगितलं असं म्हणू नको, "स्वल्प स्वल्प बरुत्ते" म्हण, थोडं थोडं येतं. तेव्हापासून लोक कन्नडमध्येच बोलतात, फक्त हळू बोलतात. तुमच्या जाहिरातीतलं "मला शिकायचंय" हे त्याच जातीचं वाक्य आहे, ते मधोमध ठेवा, निवेदनाच्या कोपऱ्यात नको.

ऋतुजा_वाकड
सुधाताई, तुमची पोस्ट आम्ही चौघांनी बसून दोनदा वाचली. ॲपचे पहिले धडे पण त्या नजरेने परत बघतोय, दुसऱ्याच धड्यात "काय झालं" होतं. आता हा तिसरा मसुदा:

(बेल, दार उघडतं)
बाई: काकू, नमस्कार. आज पाणी किती वाजता येणार?
काकू: पानी? शाम को छह बजे आएगा बेटा.
बाई: काकू, मराठीतच सांगा ना. मला शिकायचंय.
काकू: हो का! संध्याकाळी सहाला येणार.
बाई: सहाला. बरं काकू!
निवेदन: पुणे में नए हैं? पड़ोसी से पहली बात मराठी में कीजिए. सुनिए, दोहराइए, बेल बजाइए. पहले बीस पाठ मुफ़्त. (ॲपचं नाव)

एफएम_दादा
मोजले, ४७ शब्द आणि वर नाव. बसतंय. आता हे बघ, काकू हिंदीत आधी वेळ सांगतात हे फार कामाचं आहे. ऐकणाऱ्याला "शाम को छह बजे" आधी कळलं आणि मग तेच "संध्याकाळी सहाला" आलं, म्हणजे न शिकवता एक वाक्य शिकवलंस. म्हणून त्या दोन ओळींच्या मधे संगीत नको, दुसरा आवाज नको, आणि बाईने "सहाला" परत म्हणायचं ते काढू नको, ऐकणारा मनात तिच्याबरोबर म्हणतो.

रेकॉर्डिंगला काकूंचा आवाज स्टुडिओतल्या गोड बाईचा घेऊ नकोस, सोसायटीतल्याच कुणी काकू घे, जरा घाईत असलेल्या. बाई मात्र खरोखर परप्रांतातली हवी. मराठी मुलीने मुद्दाम तोडकंमोडकं बोललेलं लगेच ओळखू येतं आणि ते नवीन लोकांना अपमानासारखं वाटतं. बेल एकदाच. नाव दोनदा, एकदा निवेदक, एकदा बाई. आणि स्क्रिप्ट मनात वाचून वेळ लावायची नाही, उभं राहून मोठ्याने वाचायची, घड्याळ लावून. मनात वाचली की नेहमी पाचसहा सेकंद कमीच भरतात.

कट्टर_कोथरूडकर
मसुदा चांगला झालाय हे कबूल. पण मराठीच्या जाहिरातीत निवेदन हिंदीत? हे मला पटत नाही आणि पटणार पण नाही. उद्या लोक म्हणतील बघा मराठी शिकवायला पण हिंदीच लागते. निवेदन सोप्या मराठीत करा. "पुण्यात नवीन? मराठी बोला." इतकं तर कुणालाही कळतं.

बंगळूरकर
कोथरूडकर, तुमचा मुद्दा वेगळ्या कारणाने बरोबर आहे. हिंजवडीत दक्षिणेतले लोक भरपूर, त्यातल्या कितीतरी जणांना हिंदी जेमतेम येतं. हिंदी निवेदन म्हणजे बाहेरचा तो हिंदीवाला असं धरून चालल्यासारखं होतं.

एफएम_दादा
मग इंग्रजीत केलं तर सुतार, प्लंबर, डिलिव्हरीवाले, सिक्युरिटीवाले गेले, शेजाऱ्यांशी रोज बोलायची गरज त्यांनाच जास्त. रेडिओला एकच भाषा निवडावी लागते. मी हिंदीच ठेवेन. पण कोथरूडकरांचं शेवटचं वाक्य मला आवडलं, "पुण्यात नवीन?" हे खरंच सगळ्यांना कळतं, सुरुवात त्याने करून बघा.

सेक्रेटरी_बी_विंग
मी एका मोठ्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, बाणेरला. तुम्ही म्हणताय तीच जाहिरात लिफ्टच्या स्क्रीनवर लावणार, ती चालणार नाही. आमच्या लिफ्टमधल्या स्क्रीनला आवाजच नाही, रहिवाशांनी तक्रारी केल्या म्हणून बंदच ठेवलाय, आणि बहुतेक ठिकाणी असंच आहे. बाराव्या मजल्यावरून खाली यायला मधे कुठे थांबली नाही तर लिफ्टला अर्धं मिनिट पण लागत नाही, आणि माणूस नेमका तुमच्या जाहिरातीच्या सुरुवातीलाच आत येईल असंही नाही, तो मधूनच बघायला लागतो.

ऋतुजा_वाकड
हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे लिफ्टसाठी वेगळीच करायची. आवाज नाही तर शिकवणार काय मग? सुधाताई, रोमन लिपीत उच्चार खाली द्यायचा का?

सुधा_टीचर
द्या, दक्षिणेतल्यांना लागेलच, पण त्याच्यावर विसंबू नका. रोमनमध्ये न आणि ण सारखेच दिसतात, ल आणि ळ सारखेच, पाणी चं पानी होणारच. लिफ्टमधल्या जाहिरातीने उच्चार शिकवायला जाऊच नये, तिने एवढंच सांगावं की हे वाक्य या दारात उपयोगी पडतं, ऐकायचं असेल तर कोड स्कॅन करा, आणि स्कॅन केलं की थेट तेच वाक्य काकूंच्या आवाजात वाजलं पाहिजे. आधी नाव, नंबर, ओटीपी मागत बसाल तर लिफ्ट खाली पोहोचलेली असेल.

सेक्रेटरी_बी_विंग
बरोबर. आणि लिफ्टमध्ये नेटवर्क जातं हेही धरा. वाक्य स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आणि पूर्ण वेळ राहू दे, चित्रं बदलली तरी. मधूनच पाहिलं तरी वाचता आलं पाहिजे. हाच कागद तळमजल्यावर लेटरबॉक्सजवळ लावा, तिथे नेटवर्क असतं आणि लोक पार्सल शोधत उभे असतात.

ऋतुजा_वाकड
मग लिफ्टचं असं करतोय, १५ सेकंद, आवाज नाही. वर कायम "आज पाणी किती वाजता येणार?", त्याखाली रोमन. खाली तीन चित्रं बदलतात: बंद दार आणि बेलवर बोट, मग काकू आणि त्यांच्या तोंडी "सहाला येणार", मग कोड आणि "ऐका". निवेदन नाहीच, त्यामुळे हिंदी की इंग्रजी हा वाद लिफ्टपुरता तरी नाही. प्रत्येक इमारतीला वेगळा कोड ठेवणार आहोत म्हणजे कुठून किती जण आले ते कळेल.

जोशी_वकील
कोडवरून कुठल्या इमारतीतला माणूस ते तुम्हाला कळणार, तेव्हा स्कॅन केल्यावर काय माहिती घेता ते त्या पानावर स्पष्ट लिहा. गरज नसेल तर घेऊच नका.

एफएम_दादा
आणि किती जणांनी डाउनलोड केलं यावर खूश होऊ नका, पहिला धडा किती जणांनी शेवटपर्यंत ऐकला ते बघा. एखाद्या इमारतीत स्कॅन भरपूर आणि धडा कुणीच पुरा करत नाही असं दिसलं तर जाहिरात ठीक आहे, धड्यातच गोंधळ आहे. उलट स्कॅनच नाहीत तर कागद चुकीच्या जागी लागलाय किंवा कोड लहान आलाय.

मंजिरी
एक सुचवू का, "काकू" सगळ्यांना चालत नाही हं. आमच्या मजल्यावर पस्तिशीची मुलगी आहे, तिला कुणी काकू म्हटलं की तिचा चेहरा बघण्यासारखा होतो. जाहिरातीत ऐकून सगळे सरसकट काकू म्हणायला लागतील.

सुधा_टीचर
खरंय. मी वर्गात सांगते, शंका असेल तर ताई आणि दादा म्हणा, केस पांढरे दिसले तर काकू आणि काका, आजी म्हणायच्या आधी दुसरं कुणी म्हणतं का ते ऐका. जाहिरातीत मात्र काकूच राहू दे, आवाजाने वय कळतंय. फक्त बाईच्या तोंडी सगळं "सांगा", "द्या", "या" असंच असू दे, "सांग", "दे" कुठेही नको. वॉचमनशी बोलतानासुद्धा. तू-तुम्ही पुढे जुळलं की आपोआप होतं, पहिल्या दिवशी तुम्हीच बरं.

ऋतुजा_वाकड
रविवारी कच्चं रेकॉर्डिंग केलं, मोबाइलवरच. आमच्या सोसायटीतल्या काकू, आणि बाई म्हणून माझी सहकारी, ती विजयवाड्याची. ३४ सेकंद भरलं. "नमस्कार" काढून फक्त "काकू" ठेवलं आणि निवेदनाची सुरुवात कोथरूडकरांच्या "पुण्यात नवीन?" ने केली, "पुणे में नए हैं" पेक्षा लहान, आता ३०च्या आत बसतंय. मग ते बाहेरून आलेल्या पाच जणांना ऐकवलं आणि एकच विचारलं, यातलं काय लक्षात राहिलं. चौघांनी "मला शिकायचंय" म्हणून दाखवलं, उच्चार बऱ्यापैकी. तिघांनी "सहाला". ॲपचं नाव मात्र दोघांनाच आठवलं.

पाचवे आमचे सिक्युरिटीचे काका, ओडिशाचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, काकू मराठीतच बोलल्या आणि मला कळलं नाही तर मी काय बोलू? याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आलोक_लखनौवाला
हा खरा प्रश्न आहे. मी बोलतो "हळू सांगा ना". पण काकू परत हिंदीत जातात :)

सुधा_टीचर
"परत सांगा ना" शिकवा. हळू सांगा म्हटलं की आपली माणसं हळू बोलत नाहीत, मोठ्याने बोलतात, नाहीतर हिंदीवर येतात. परत सांगा म्हटलं की तेच वाक्य परत येतं आणि दुसऱ्यांदा निम्मं तरी कळतं. हे वाक्य बाई-बुवा दोघांना तसंच.

एफएम_दादा
चांगलं वाक्य आहे पण याच जाहिरातीत कोंबू नका, जागा नाही. दुसरी जाहिरात करा त्यावर, तेच दार, तेच दोन आवाज. आणि नाव दोघांनाच आठवलं हे वाईट आहे, नाव शेवटच्या सेकंदाला चिकटलंय का? त्याच्या आधी थोडी शांतता सोड, "मुफ़्त" आणि नाव एका दमात गेलं की नाव जातं.

कट्टर_कोथरूडकर
सिक्युरिटीच्या काकांना माझा नमस्कार सांगा. बाकी निवेदन अजूनही हिंदीतच आहे का?

ऋतुजा_वाकड
पहिले दोन शब्द मराठी, बाकी अजून हिंदी. आमच्यातच दोन-दोन मतं आहेत. एफएमसाठी दोन्ही रेकॉर्ड करतोय, एक आठवडा हिंदी निवेदनाची, एक आठवडा सगळी मराठी, आणि एफएमवर कोड दाखवता येत नाही म्हणून दोन्हींत वेगवेगळा शब्द सांगणार, तो ॲपमध्ये टाकला की पाच धडे जास्त मिळतील, म्हणजे कोण कुठली ऐकून आलं ते कळेल. दादांनी सांगितलेली शांतता घातली, त्यासाठी "दोहराइए" काढावं लागलं. लिफ्टचं सेक्रेटरींच्या बी विंगमध्येच आधी लावून बघायचं म्हणतेय, चालेल का?

सेक्रेटरी_बी_विंग
कमिटीची मीटिंग पुढच्या शनिवारी आहे, अर्ज आणि छापील नमुना आणून द्या. अर्जात पाणी सहाला येणार असं लिहू नका फक्त, आमच्याकडे साडेसातला येतं, लोक मला फोन करतील.

सुधा_टीचर
मग स्क्रीनवर "सहाला येणार"च्या जागी "सातला येणार" करा आणि सेक्रेटरीसाहेब, पाणी अर्धा तास आधी सोडा :)

सेक्रेटरी_बी_विंग
टँकरवाला माझं ऐकत असता तर काय हवं होतं. त्यापेक्षा पाणी काढून टाका आणि "लिफ्ट किती वाजता चालू होणार?" घाला, मेंटेनन्सच्या दिवशी तेच विचारतात सगळे.